एका टेपवर पॅलिन्ड्रोम तपासायला n² वेळ का लागतोच: पुरावा कसा लिहायचा आणि कुठे चुकतो

इंदूरला रामबागेत आमच्याकडे संध्याकाळी चार-पाच मुलं थिअरीचा पेपर घेऊन बसतात, आणि 'n अक्षरांचा शब्द उलटाही तसाच वाचता येतो का हे तपासायला एका टेपच्या ट्यूरिंग मशीनला n² वेळ लागतोच हे सिद्ध करा' हा प्रश्न आला की जवळजवळ प्रत्येकाच्या वहीत तेच उत्तर असतं. पहिलं अक्षर शेवटच्याशी जुळवायचं, दुसरं उपांत्याशी, प्रत्येक फेरीला साधारण n पावलं, फेऱ्या n/2, म्हणून n² लागतोच. यातलं 'लागतो' बरोबर आहे, 'लागतोच' मात्र कुठेही सिद्ध झालेलं नाही. तुम्ही एका मशीनचा हिशोब दिलात, आणि प्रश्न आहे सगळ्या मशीनांचा, अगदी ज्या कुणी अजून बनवल्याही नाहीत त्यांचासुद्धा. कुणीतरी अर्ध्या टेपवर काही खुणा करत, अक्षरं सरकवत, भलत्याच पद्धतीने तपासणारं मशीन आणलं तर तुमचं उत्तर त्याच्याबद्दल काहीच बोलत नाही.

म्हणून इथे पूर्ण पुरावा क्रमाने लिहितोय. क्रम बदलू नका, कारण बहुतेक चुका क्रमाच्याच असतात.

## ०. तयारी: मॉडेल आधी पक्कं करा

पेन उचलायच्या आधी चार गोष्टी कागदावर लिहून घ्या. टेप एकच, इनपुट त्याच टेपवर, आणि मशीन त्यावर वाचूही शकतं आणि लिहूही शकतं. हेड एकच, एका पावलाला फार तर एक घर डावीकडे किंवा उजवीकडे. स्टेट मर्यादित, त्यांची संख्या s, आणि ही s इनपुट कितीही लांब झालं तरी बदलत नाही. सुरुवातीला हेड इनपुटच्या पहिल्या घरावर असतं.

अक्षरं फक्त 0 आणि 1 घेऊया. मराठीत 'नवजीवन' किंवा 'रामाला भाला मारा' घेऊन समजवायला मजा येते, पण मोजणीच्या पायरीला दोनच अक्षरं असली की हिशोब स्वच्छ राहतो.

सावध: s ही मशीनची संख्या आहे, इनपुटची नाही. जितकं लांब इनपुट तितक्या जास्त स्टेट असं मनात जरी धरलंत तरी पुढचं सगळं कोसळतं, कारण मग मशीन अख्खा शब्द स्टेटमध्येच लक्षात ठेवेल.

## १. साधं मशीन बनवा आणि पावलं खरोखर मोजा

ही वरची बाजू, म्हणजे एवढ्या वेळात काम होतं हे दाखवणारी. इथे थांबायचं नाहीये, पण हे मशीन पुढे उदाहरण म्हणून लागणार आहे, त्यामुळे नीट बनवा. प्रत्येक ओळ अशी वाचा: बाणाच्या आधी सध्याची स्टेट आणि घरातलं चिन्ह, बाणानंतर काय लिहायचं, कुठे सरकायचं आणि नवी स्टेट कुठली. R म्हणजे उजवीकडे, L म्हणजे डावीकडे, _ म्हणजे कोरं घर, आणि सुरुवात q0 मध्ये.

```
q0, 0   -> _, R, r0
q0, 1   -> _, R, r1
q0, _   -> accept
r0, 0/1 -> same, R, r0
r0, _   -> _, L, c0
c0, 0   -> _, L, b
c0, 1   -> reject
c0, _   -> accept
b,  0/1 -> same, L, b
b,  _   -> _, R, q0
```

r1 आणि c1 अशाच, फक्त 0 आणि 1 ची अदलाबदल. एकूण आठ स्टेट: q0, r0, r1, c0, c1, b आणि शेवटच्या दोन. काम असं चालतं: डावीकडचं अक्षर स्टेटमध्ये उचला, घर कोरं करा, उजव्या टोकाच्या कोऱ्या घरापर्यंत जा, एक घर मागे या, जुळलं का बघा, तेही कोरं करा, आणि परत डावीकडे या.

लांबी p उरलेली असताना एका पूर्ण फेरीला 2p+1 पावलं लागतात: p उजवीकडे जायला, एक मागे यायला, p−1 डावीकडे परतायला, एक पुढच्या अक्षरावर यायला. मग p दोनने कमी होतं. सगळं मिळवलं आणि शेवटचं स्वीकारण्याचं एक पाऊल धरलं की बेरीज बरोबर (n+1)(n+2)/2 येते.

तपासा: n=2 ला ६, n=4 ला १५, n=8 ला ४५. हातानं चालवून हे आकडे आले नाहीत तर बहुतेक कोऱ्या घरावर जाऊन परत येण्याची पावलं सुटलीयत.

## २. रेघेवर बसून नोंद करा: क्रॉसिंग सिक्वेन्स

आता दृष्टी बदलायची. आतापर्यंत आपण हेडच्या मागे फिरत होतो, आता दोन घरांच्या मधल्या एका रेघेवर बसायचं आणि फक्त एवढंच लिहायचं: हेडने ही रेघ ओलांडली तेव्हा ते कुठल्या स्टेटमध्ये गेलं. ओलांडताना नवी स्टेट लिहायची, जुनी नाही. अशी सुरुवातीपासून शेवटपर्यंतची यादी म्हणजे त्या रेघेचा क्रॉसिंग सिक्वेन्स.

हे तोंडी सांगून मुलांच्या गळी उतरत नाही म्हणून आम्ही गच्चीवर फरशीच्या चौकोनांत खडूने आठ अक्षरं लिहितो, एक जण हेड होऊन चालतो, हातात पुसायला ओला बोळा, आणि दुसरा चौथ्या आणि पाचव्या फरशीच्या मधल्या रेघेशी पाटावर वही घेऊन बसतो. हेड झालेल्याने रेघ ओलांडताना आपली स्टेट मोठ्याने म्हणायची. पाटावरच्याने मान वर करून बाकी काही बघायचं नाही, फक्त ऐकलेलं लिहायचं. इनपुट `01000010`. वहीत हे उतरतं:

```
r0 b r1 b r0 b r0 b q0
```

नऊ नोंदी. पहिली उजवीकडे जाताना, दुसरी परत येताना, तिसरी पुन्हा जाताना, असं आलटून पालटून. हेड सुरुवातीला डावीकडेच असतं, म्हणून विषम क्रमाची नोंद नेहमी उजवीकडे जाणारी, सम क्रमाची डावीकडे येणारी. दिशा वेगळी लिहायची गरज नाही.

आता हेच सगळ्या रेघांवर करा. प्रत्येक रेघ किती वेळा ओलांडली गेली ते असं येतं:

```
रेघ     1|2  2|3  3|4  4|5  5|6  6|7  7|8  8|9
किती     3    5    7    9    8    6    4    2
```

बेरीज ४४. पावलं ४५ होती, त्यातलं शेवटचं स्वीकारण्याचं पाऊल हललंच नाही, राहिली ४४. हा योगायोग नाहीये. हेड एका पावलाला फार तर एकच रेघ ओलांडतं, म्हणून सगळ्या रेघांवरच्या नोंदींची बेरीज एकूण वेळेपेक्षा, म्हणजे T पेक्षा, जास्त होऊच शकत नाही. पुढे पुराव्यात वेळेबद्दल आपण एवढंच वापरणार आहोत, त्यामुळे हे वाक्य स्वतंत्र ओळीत लिहा:

```
सगळ्या रेघांवरच्या नोंदींची बेरीज <= T
```

सावध: रेघ ओलांडल्याची नोंद आणि घराला दिलेली भेट या वेगळ्या गोष्टी आहेत. मुलं 'चौथ्या घरावर हेड किती वेळा आलं' मोजतात, आणि मग पुढची कापाकापी करता येत नाही, कारण घर मधून कापता येत नाही, रेघेवरच कापता येतं.

## ३. कापा आणि जोडा

पुराव्याचं हृदय इथे आहे, त्यामुळे घाई नको.

दोन इनपुट घ्या, दोन्ही मशीनने स्वीकारलेले. पहिल्यात एक रेघ निवडा, दुसऱ्यात एक रेघ निवडा, आणि समजा दोन्ही रेघांवर वहीत अगदी तीच यादी उतरली, तीच स्टेट त्याच क्रमाने. आता पहिल्या इनपुटचा रेघेच्या डावीकडचा तुकडा घ्या, दुसऱ्याचा उजवीकडचा तुकडा घ्या, आणि चिकटवा. दावा असा की हे नवीन इनपुटही मशीन स्वीकारणारच.

का, ते गच्चीवरच बघा. डाव्या तुकड्यावर हेड अगदी पहिल्या इनपुटसारखंच चालायला लागतं, कारण त्याला अजून उजवीकडचं काहीच माहीत नाही. ते रेघ ओलांडून बाहेर पडतं r0 म्हणत. उजव्या तुकड्याला, म्हणजे दुसऱ्या इनपुटच्या अर्ध्याला, त्याच्या मूळ रनमध्येही पहिली हाक r0 हीच ऐकू आली होती, तेव्हा तो आपलं काम तसंच करतो आणि हेडला b म्हणत परत पाठवतो. डाव्या तुकड्याच्या मूळ रनमध्येही परत आलेलं हेड b मध्येच होतं. असं प्रत्येक ओलांडणीला होत राहतं. दोन्ही बाजूंना आपलंच जुनं रन चाललंय असं दिसतं आणि फरक कळायला काही मार्गच नसतो. शेवटी ज्या बाजूला हेड थांबतं तिथे ते मूळ रनमध्येही स्वीकारूनच थांबलं होतं, म्हणून इथेही स्वीकारतं.

एक शंका इथे दर वर्षी येते आणि ती रास्त आहे. 'काका, पण मशीन टेपवर लिहू शकतं ना, मग डावीकडची माहिती लिहून ठेवेल की.' लिहू दे. डावीकडे लिहिलेलं डावीकडेच राहतं. रेघेपलीकडे जाताना हेड आपल्यासोबत काय नेतं? फक्त स्टेट. आठ स्टेट असतील तर एका ओलांडणीत आठांपैकी एक हाक, म्हणजे तीन बिट, त्याहून जास्त नाही. टेपवर हजार वेगवेगळी चिन्हं लिहायची मुभा दिली तरी या हिशोबात फरक पडत नाही, म्हणून शेवटच्या सूत्रात टेपच्या चिन्हांची संख्या कुठेच दिसणार नाही.

आता एक खरंच फसणारं मशीन बघू. वरचंच मशीन घ्या आणि पहिली फेरी जुळली की लगेच स्वीकारा असं करा. हे n+2 पावलांत संपतं, झकास वेगवान. `01000010` वर मधल्या रेघेची यादी फक्त `r0`. `00000000` वर मधल्या रेघेची यादीही `r0`. दोन्ही पॅलिन्ड्रोम, दोन्ही स्वीकारले. आता पहिल्याचा डावा अर्धा आणि दुसऱ्याचा उजवा अर्धा जोडा:

```
0100 | 0000
```

मशीन हेही स्वीकारतं, आणि हे पॅलिन्ड्रोम नाहीये, दुसरं अक्षर 1 आहे आणि सातवं 0. बघा, आपण मशीनच्या आत डोकावून चूक शोधली नाही, दोन यादी सारख्या दिसल्या एवढ्यावरून चुकीचं इनपुट तयार केलं. हीच युक्ती कुठल्याही अनोळखी मशीनवर चालते.

तपासा: जोडलेल्या इनपुटवर मशीन हातानं चालवून बघा आणि रेघेवर पुन्हा तीच यादी येते का पहा. आली नाही तर तुम्ही जुनी स्टेट लिहिताय, नवी नाही.

## ४. इनपुटचं कुटुंब निवडा, मधे शून्यांची पट्टी ठेवा

आता कुठल्या इनपुटवर ही युक्ती लावायची. सगळे पॅलिन्ड्रोम घेतले तर अडचण होते: पहिल्याच रेघेवर कापलं तर डाव्या तुकड्यात एकच अक्षर असतं, दोन वेगळे पॅलिन्ड्रोम त्या एका अक्षरात सारखेच असू शकतात, आणि जोडून झालेला शब्द पॅलिन्ड्रोमच निघतो. विरोधाभास येतच नाही.

म्हणून अक्षरं दोन्ही टोकांना आणि मधे नुसती शून्यं अशी रचना करा. m लांबीचा कुठलाही शब्द x घ्या, मग 2m शून्यं, मग x उलटा:

```
w(x) = x  00...0  x^R        n = 4m
```

असे २ च्या m व्या घाताइतके इनपुट झाले, आणि सगळे पॅलिन्ड्रोम. (n चारने भागला जात नसेल तर उरलेली एक-दोन-तीन शून्यं मधेच घाला, काही बिघडत नाही.) कापायच्या रेघा फक्त मधल्या पट्टीच्या: x संपतो तिथली, x^R सुरू होतो तिथली, आणि मधल्या सगळ्या. मोजल्या तर 2m+1.

या पट्टीचा फायदा असा. x आणि y वेगळे असतील, w(x) कुठल्याही मधल्या रेघेवर कापला आणि w(y) कुठल्याही मधल्या रेघेवर कापला, तरी जोडून येतं ते x, मग काही शून्यं, मग y उलटा. शून्यं 2m पेक्षा कमी-जास्त होतील, एखाद वेळी एकही उरणार नाही, पण पहिली m अक्षरं x आणि शेवटची m अक्षरं y ची उलट, तेव्हा x आणि y वेगळे असताना तो शब्द पॅलिन्ड्रोम असूच शकत नाही. म्हणजे दोन्ही इनपुट एकाच जागी कापायची सक्ती उरली नाही. हे लक्षात ठेवा, पुढच्या पायरीत यावरच सगळं टेकलंय.

सावध: x आणि y ची लांबी सारखीच, m, ठेवा. वेगवेगळ्या लांबीचे घेतले तर मधली शून्यं शब्दात मिसळून पॅलिन्ड्रोम बनू शकतो.

## ५. मोजणी, आणि 'प्रत्येकासाठी' ची अदलाबदल

इथे सगळ्यात जास्त मार्क जातात. बहुतेक जण असं लिहितात: एखादी मधली रेघ घ्या, तिच्यावर सगळ्या x च्या याद्या वेगळ्या असाव्या लागतात, म्हणून कुणातरी x ची यादी लांब असते, साधारण m/log₂ s. रेघा 2m+1, प्रत्येकीवर लांब यादी, गुणाकार करा, झालं.

नाही झालं. या रेघेवर ज्याची यादी लांब आहे तो x वेगळा, शेजारच्या रेघेवर ज्याची लांब आहे तो x वेगळा असू शकतो. वेळ मोजायचा असतो एकाच इनपुटचा. दहा लोकांपैकी रोज कुणीतरी एक उशिरा आलं म्हणून एकच माणूस रोज उशिरा आला असं होत नाही.

बरोबर क्रम उलटा आहे. आधी इनपुट धरा, मग त्याची रेघ निवडा.

समजा मशीन या सगळ्या w(x) वर जास्तीत जास्त T पावलं घेतं. एक x धरा. त्याच्या 2m+1 मधल्या रेघांवरच्या नोंदींची बेरीज T पेक्षा जास्त नाही, म्हणून त्यातली एक तरी रेघ अशी असणार जिच्यावर T/(2m+1) किंवा त्याहून कमी नोंदी आहेत. प्रत्येक x ची अशी सगळ्यात निवांत रेघ निवडा आणि तिची यादी त्या x च्या नावाने लिहून ठेवा. x प्रमाणे रेघ वेगवेगळी असेल, असू दे, वरच्या पायरीत त्याची सोय करून ठेवलीय.

T/(2m+1) चा पूर्णांक भाग म्हणजे k. k किंवा त्याहून कमी लांबीच्या याद्या एकूण किती बनू शकतात? शून्य लांबीची एक, एक लांबीच्या s, दोन लांबीच्या s², असं k पर्यंत:

```
1 + s + s^2 + ... + s^k  <  s^(k+1)
```

शून्य लांबीची यादी विसरू नका. हेड मधली रेघ न ओलांडताच स्वीकारून मोकळं झालं तर तीच यादी येते, आणि तसं मशीन तर नक्कीच चुकतं.

आता x आहेत २ चा m वा घात इतके. याद्या त्याहून कमी असतील तर कुठल्यातरी दोन वेगळ्या x आणि y च्या नावाने एकच यादी लिहिलेली सापडेल. मग पायरी ३ प्रमाणे कापा, जोडा, आणि पायरी ४ प्रमाणे हाती आलेला शब्द पॅलिन्ड्रोम नाही, तरी मशीन त्याला स्वीकारतं. मशीन बरोबर आहे असं धरलं होतं, म्हणून हे अशक्य. तेव्हा

```
s^(k+1) > 2^m
k > m/log2(s) - 1
T >= k(2m+1) > (2m+1)(m/log2(s) - 1)
```

m म्हणजे n/4, म्हणून उजवी बाजू मोठ्या n साठी साधारण n²/(8 log₂ s) आहे. s स्थिर आहे, म्हणून n² च्या खाली जाताच येत नाही. ही पद्धत हेनीने १९६५ मध्ये दिली, इतिहासातलं एवढंच इथे पुरे.

तपासा: पुराव्यात तुम्ही 'मशीन पुढे-मागे जातं', 'अक्षर जुळवतं' असे शब्द वापरलेत का? वापरले असतील तर ते खोडून वाक्य अजून उभं राहतं का बघा. राहत नसेल तर तुम्ही परत एकाच मशीनबद्दल बोलताय.

## ६. आकडे घालून एकदा चालवा

सूत्र लिहून पुढे गेलात तर विश्वास बसत नाही. आठ स्टेट, m=10, म्हणजे लांबी ४०. तीन किंवा कमी लांबीच्या याद्या: १+८+६४+५१२ = ५८५. x मात्र १०२४. म्हणजे प्रत्येक x ची निवांत रेघ तीन नोंदींत भागूच शकत नाही. कुठला तरी एक x असा आहे की त्याच्या मधल्या सगळ्या २१ रेघांवर चार किंवा जास्त नोंदी आहेत, म्हणून त्या एका इनपुटला किमान ८४ पावलं. आपलं साधं मशीन ४१×४२/2, म्हणजे ८६१ घेतं.

८४ आणि ८६१ मधलं अंतर बघून मुलं निराश होतात. आता m=100 करा, लांबी ४००. ३२ किंवा कमी लांबीच्या याद्या ८³³ पेक्षा कमी, आणि ८³³ म्हणजे २⁹⁹, तर x आहेत २¹⁰⁰. म्हणून कुठल्यातरी x च्या २०१ रेघांवर प्रत्येकी किमान ३३ नोंदी, एकूण ६६३३. साधं मशीन ८०६०१ घेतं. लांबी दहापट केली तर एक आकडा ७९ पट वाढला, दुसरा जवळजवळ ९४ पट. दोघंही शंभरपटीकडे चाललेत, मधे फक्त एका स्थिर गुणकाचा फरक आहे. Θ(n²) चा अर्थ एवढाच असतो.

हा गुणक कमी करता येतो का? येतो. एका फेरीत दोन अक्षरं उचला, फेऱ्या निम्म्या, वेळ n²/2 वरून साधारण n²/4. पण दोन अक्षरं लक्षात ठेवायला स्टेट वाढवाव्या लागतात, चार अक्षरांना आणखी, दर वाढीव अक्षरामागे जवळजवळ दुप्पट. आणि पुराव्यातला log₂ s बघा, तो नेमकं हेच सांगतो: एका ओलांडणीत जितके बिट नेता येतात तितकाच वेळ वाचतो. स्टेट कितीही वाढवा, मशीन एकदा ठरलं की s ठरली.

## ७. पुरावा जास्त तर सिद्ध करत नाही ना

लिहून झालं की हा पुरावा मुद्दाम जिथे लागू पडायला नको तिथे लावून बघा. तिथेही n² आला तर कुठेतरी चूक आहे.

पहिली चाचणी, दोन टेप. इनपुट दुसऱ्या टेपवर उतरवा, एक हेड सुरुवातीला आणा, दुसरं शेवटीच राहू द्या, आणि एक पुढे एक मागे चालवत तुलना करा. वेळ n च्या काही पट, झालं. तुमचा पुरावा इथे कुठे तुटायला हवा? पायरी ३ ला. रेघ ओलांडताना आता फक्त स्टेट जात नाही, दुसऱ्या टेपवर लिहिलेला मजकूरही पलीकडे वाचायला मिळतो, म्हणून दोन सारख्या याद्यांवरून जोडता येत नाही. तुमच्या पायरी ३ मध्ये 'टेप एकच' हे कुठेच वापरलं नसेल तर ती पायरी पुन्हा लिहा.

दुसरी चाचणी, वेगळी भाषा: काही शून्यं आणि मग तितकेच एक. इथेही भाबडं मशीन एक शून्य खोडून एक 1 खोडायला पलीकडे जातं आणि n² घेतं, आणि फेऱ्या मोजणारा तो सुरुवातीचा पुरावा इथेही तसाच्या तसा लिहिता येतो. पण एका टेपवर हे n log n मध्ये होतं. प्रत्येक फेरीत शून्यांची सम-विषमता आणि एकांची सम-विषमता जुळते का बघा, मग दोन्हीकडचं एकाआड एक खोडा, दर फेरीला संख्या निम्मी होते, फेऱ्या फक्त log n. आपला पुरावा इथे पायरी ५ ला थांबतो, कारण ठराविक लांबीचा असा शब्द एकच असतो, २ च्या m व्या घाताइतके वेगळे x मिळतच नाहीत, आणि मोजायला काही उरत नाही. यंदा एका मुलीने वहीत दोन्ही पुरावे शेजारी शेजारी या भाषेवर लावून बघितले, पहिला सरळ चालून गेला, दुसरा अडला, आणि मग तिने पहिल्यावर स्वतःच काट मारली.